आपला खाडा कोण मोजतो?

यंदाच्या ज्येष्ठात मला मुंबईला येऊन दहा वर्षे झाली. भाची म्हणाली, "मामा, तुझा तेव्हाचा आणि आताचा फोटो शेजारी शेजारी लावते. खाली एक ओळ लिहून दे. दहा वर्षांत तू काय झालास, एवढंच." दोन दिवस विचार केला, पण एका ओळीत बसेल असे काही सुचले नाही. मग वाटले, ओळीऐवजी सविस्तरच लिहावे आणि ते आपल्या माउलींपुढे ठेवावे. आपल्यापैकी अनेकांच्या घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी आज अशीच एकटी शहरात आहे. माझ्या गोष्टीतली एक बाब त्यांच्या उपयोगाची आहे.

माझे गाव जालना जिल्ह्यातले. घरची मोसंबीची बाग २०१३ च्या दुष्काळात वाळली आणि तोडावी लागली. पुढची दोन वर्षे कधी गारपीट, कधी पाऊसच नाही. थोरला भाऊ शेतीत राहिला आणि मी बाहेर पडलो. जून २०१५ मध्ये देवगिरी एक्स्प्रेसने पहाटे कल्याणला उतरलो, तेव्हा माझ्याजवळ एक पिशवी, वडिलांनी दिलेली हरिपाठाची छोटी पोथी आणि एका घाऊक औषध दुकानाचा पत्ता होता. दुकान प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला, काम बिले लिहिण्याचे, पगार साडेनऊ हजार. त्या वर्षी अधिक आषाढ होता, म्हणून पालख्या जुलैत निघायच्या होत्या. वडील नाथांच्या पालखीबरोबर पैठणहून चालत जायचे. "तू पोहोचलास की मग मी निघतो," एवढेच ते म्हणाले.

राहायला कल्याण पूर्वेला कॉट मिळाली. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. एका खोलीत पाच खाटा, प्रत्येकाचे भाडे वेगळे, खाटेखालची पेटी एवढीच आपली मालकीची जागा. पाचांपैकी दोघे रात्रपाळीचे, ते सकाळी झोपायला यायचे आणि आम्ही निघायचो. पाच माणसे एका खोलीत वर्षभर राहिली, पण पाचही जण एकाच वेळी जागे असलेला दिवस मला आठवत नाही. गावाकडे एकटेपणा म्हणजे आजूबाजूला कोणी नसणे, असे मी समजत होतो. येथे तो भरल्या खोलीत, भरल्या गाडीत भेटला.

गावात माझ्या हालचालीची खबर मला न विचारता दहा घरांना असायची. सकाळी पारावर दिसलो नाही तर दुपारी कोणी ना कोणी घरी विचारून जाई. तेव्हा याचा कंटाळा यायचा. कल्याणच्या त्या खोलीत पहिल्याच महिन्यात एक विचार मनात आला आणि पुढे वर्षभर तो गेला नाही. आज मी कामावरून परत आलो नाही, तर हे कोणाला आणि केव्हा कळेल? दुकानात दुसऱ्या दिवशी गैरहजेरी पडेल, तीन दिवसांनी पगार कापतील. घरी रविवारी फोन गेला नाही म्हणून सोमवारी आई काळजी करेल. म्हणजे तीन-चार दिवस या एवढ्या मोठ्या शहरात कोणालाही पत्ता लागणार नाही.

याचे पहिले उत्तर मला खाणावळीत सापडले. स्टेशनजवळ एक मावशी घरातच खाणावळ चालवीत. सकाळी डबा, रात्री पानावर जेवण, महिन्याचे अठराशे रुपये. भिंतीला खिळ्यावर एक वही टांगलेली असे. त्यात प्रत्येक मेंबरच्या नावापुढे तारखेवार रकाने, आणि जो जेवायला आला नाही त्याच्या रकान्यात फुली. या फुलीला खाणावळीच्या भाषेत खाडा म्हणतात. आदल्या दिवशी सांगितलेला खाडा महिन्याच्या हिशोबातून वजा होतो, न सांगितलेला होत नाही. मी पहिल्याच दिवशी सांगितले, "मावशी, माझे महिन्याला दोन खाडे ठरलेले. एकादशी." त्या म्हणाल्या, "मग तेवढे मीच मांडते, तुम्ही सांगू नका." पुढे तीन वर्षे त्यांनी पंचांग पाहून माझ्या एकादशीच्या फुल्या महिन्याच्या पहिल्याच तारखेला मांडून ठेवल्या.

चौथ्या महिन्यात मी तापाने पडलो. रात्री जेवायला गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा न्यायला गेलो नाही. त्या दिवशी संध्याकाळी मावशींचा मुलगा खोलीवर आला. हातात पेजेचा डबा. म्हणाला, "आईने पाठवलंय. एकादशी नाही आणि सांगितलंही नाही, म्हणजे काहीतरी झालं असणार म्हणाली." मी पेज प्यालो आणि पांघरुणात तोंड घालून बराच वेळ पडून राहिलो. माझ्या नावापुढची एक फुली कोणीतरी नुसती मांडली नव्हती, वाचली होती.

दुसरी जागा म्हणजे लोकल गाडी. सकाळी सात वीसची फास्ट, पुढून ठरावीक डबा, ठरावीक दरवाजा. पहिले तीन महिने कोणी एक शब्द बोलले नाही. मुंबईच्या गर्दीला नवखा माणूस निष्ठुर म्हणतो. मी रोज तेथेच उभा राहिलो म्हणून मला हळूहळू वेगळे दिसू लागले. त्या डब्यात कोणी कोणाचे नाव विचारत नाही, पण तुम्ही कुठे उभे राहता, कुठे उतरता, हे डोळ्यांनी टिपलेले असते. ओळखीच्या पायऱ्याही ठरलेल्या असतात. आधी तुमच्यासाठी पाय किंचित सरकवला जातो. मग तुमची पिशवी न मागता हातातून घेऊन वर फळीवर ठेवली जाते. मग तीन माणसांच्या बाकावर चौथी सीट दिली जाते, म्हणजे बाकाच्या कडेवर अर्धे अंग टेकायला जागा. आणि एक दिवस कोणी तरी ठाण्याला उठून म्हणतो, "या, आता तुम्ही बसा." मला हे सगळे मिळायला साधारण चार महिने लागले. जो रोज गाडी बदलतो, डबा बदलतो, त्याला दहा वर्षांतही ते मिळत नाही. गावात माणसाची ओळख नावाने होते, घराण्याने होते. शहरात ती नेमाने होते.

त्या तापानंतर मी पाच दिवसांनी गाडीला गेलो. दरवाजाजवळच्या बाकावर माळकरी काका बसलेले असत. वय साठीच्या आसपास, खांदे भरलेले, हातात लहान चिपळ्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "पाच दिवस दिसला नाहीत?" चार महिन्यांत त्यांनी माझ्याशी बोललेले हे पहिले वाक्य. त्यांनी दिवस मोजले होते.

त्या डब्यात आमचे भजन चालते. मुंबईच्या लोकलमधली भजने अनेकांनी पाहिली असतील. पाहिली नसतील त्यांच्यासाठी आमच्या मंडळाची रीत सांगतो. कल्याण सुटले की जयघोष आणि रूपाचे अभंग. डोंबिवलीला काका चढत, त्यांच्या चिपळ्या आल्या की हरिपाठ सुरू. घाटकोपर-कुर्ल्याच्या सुमारास हरिपाठ आवरतो, दादरला गर्दी उतरली की एखादी गवळण, आणि भायखळा गेल्यावर पसायदान. साहित्य म्हणजे दोन जोड टाळ आणि चिपळ्या, मृदंगाचे काम डब्याच्या पत्र्यावर बोटांनी. सव्वा तासात आपापल्या पोटापाण्याकडे जाणाऱ्या चौदा-पंधरा माणसांचे एवढे साधते. एक नियम कडक आहे. डब्यात कोणी रात्रपाळी करून आलेला असेल, आजारी असेल किंवा परीक्षेला निघालेला मुलगा पुस्तक उघडून बसला असेल आणि त्याने शांततेची विनंती केली, तर टाळ पिशवीत जातात आणि हरिपाठ ओठांतल्या ओठांत होतो. डबा आपला नाही, सगळ्यांचा आहे, असे काका म्हणत.

या मंडळात मी जागा कशी मिळवली, तर मिळवली नाही, ती पडत गेली. दिंडीत जसे असते तसे. पुढे पताकाधारी, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये मृदंग, मागे विणेकरी, त्यांच्यामागे तुळस घेतलेल्या मायमाउल्या. नवा माणूस पहिल्या दिवशी कुठेही चालतो, पण चार मुक्कामांनंतर त्याची रांग ठरते आणि तो तेथे दिसला नाही तर शेजारचा मागे वळून पाहतो. मला रजा जेमतेम मिळते, त्यामुळे पैठणहून पंढरपूरपर्यंत वडिलांबरोबर चालणे जमले नाही. जमेल त्या वर्षी माउलींच्या पालखीत पुणे ते सासवड एवढी एकादशीची वाटचाल करतो आणि दिवे घाट चढून रात्रीच्या गाडीने परततो. पण रोजच्या सात वीसला माझी रांग ठरली होती. दरवाजाच्या डाव्या हाताला, दुसरा टाळकरी.

पत्त्याने मात्र मी कोणाचाच झालो नाही. दहा वर्षांत पाच खोल्या बदलल्या. भाड्याचा करार बहुधा अकरा महिन्यांचा. नोंदणी करताना माझा आणि मालकांचा अंगठा एकाच यंत्रावर, पण अकरा महिन्यांनी भाडे वाढले की सामान पुन्हा टेम्पोत. एका मालकांनी अनामतीतले चार हजार रंगकामाच्या नावाने कापून घेतले आणि ते परत मिळाले नाहीत. आधारकार्डावर पत्ता अजून गावचाच आहे. सोसायटीच्या वॉचमनसाठी मी खोली नंबर होतो, दुकानात "बिलवाला" होतो. खोल्या बदलल्या, कल्याण पूर्वेचा पश्चिम झाला, पण सात वीस बदलली नाही. त्यामुळे मला कोणी "कुठे राहता?" विचारले की मी खोलीचा पत्ता सांगे आणि मनात म्हणे, राहतो तो सात वीसला.

मग मार्च २०२० उजाडला. लोकल बंद झाली. औषधांचे दुकान सुरू ठेवायचे होते, म्हणून मालकांनी आम्हा तिघांना दुकानातच राहायला सांगितले. पोटमाळ्यावर खोक्यांच्या मधल्या जागेत अंथरूण घातले. जून संपेपर्यंत मी तेथे होतो. त्या वर्षी संतांच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या. वडिलांनी आयुष्यातली पहिली आषाढी घरी काढली. ते फोनवर म्हणाले, "पाय घरात आहेत, पण सकाळी उठलो की आज कोणता मुक्काम, तेच आठवतं."

त्या पोटमाळ्यावर मी आमच्या डब्यातल्या माणसांची यादी करायला बसलो. चौदा माणसे. चार-पाच वर्षे रोज सव्वा तास मांडीला मांडी लावून बसलेली. मोबाईल नंबर होते सहांचे. पूर्ण नावे चौघांची. बाकीचे टाळवाले भाऊ, बँकवाले अण्णा, मुलुंडकर, चिपळीवाले काका. कोणाचा आवाज कोणत्या पट्टीत लागतो, कोणाला मधुमेह म्हणून पेढा अर्धाच द्यायचा, कोणाच्या मुलीचे लग्न जमत नाही, हे सगळे ठाऊक. पण ही माणसे कोणत्या घरात राहतात, हे कोणालाच ठाऊक नाही. नेमाने झालेल्या ओळखीचे हे बळ आणि हीच तिची मर्यादा. नेम चालू आहे तोवर ती भक्कम असते. एका फटक्यात गाडी बंद झाली की तिला धरायला दुसरे टोकच नसते. कोणी दिसेनासा झाला हे आपल्याला लगेच कळते, पण विचारायचे कोठे, हे कळत नाही.

ऑगस्ट २०२१ च्या मध्यापासून लशीचे दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकलचा पास मिळू लागला. पहिल्या दिवशी सात वीसला आम्ही पाच जण होतो. आठवड्याने आठ झालो. डोंबिवलीला प्रत्येक जण दरवाजाकडे पाही. काकांची बाकावरची जागा आम्ही पिशवी ठेवून राखली. एवढ्या गर्दीत रिकामी जागा राखणे सोपे नसते. कोणी विचारले तर सांगायचो, "येतात डोंबिवलीला." पहिल्या आठवड्यात म्हणालो, दुसरा डोस झाला नसेल. दुसऱ्या आठवड्यात म्हणालो, गावी असतील, पेरणी-काढणी असेल. तिसऱ्या आठवड्यात कोणी काही म्हणाले नाही.

आम्हाला त्यांच्याविषयी तीन गोष्टी माहीत होत्या. ते डोंबिवलीला चढत. सीएसएमटीला उतरून मागे मशीद बंदरच्या दिशेने चालत जात. आणि बोलणे साताऱ्याकडचे, पाटण खोऱ्यातले. भरलेले खांदे आणि मशीद बंदर एकत्र केले तर माणूस माथाडी असणार. तुम्हाला माहीत असेल, पाठीवर माल वाहणारे कामगार टोळीने काम करतात, टोळीला मुकादम असतो आणि टोळीची हजेरी लिहिली जाते. एका शनिवारी दुपारी आम्ही तिघे मशीद बंदरच्या गल्ल्यांत गेलो. नाव माहीत नाही, म्हणून विचारायचे तरी काय? "माळकरी, साठीचे, हातात चिपळ्या." पहिल्या दोन गल्ल्यांत कोणाला सांगता आले नाही. तिसऱ्या गल्लीतल्या चहावाल्याने कपबशी खाली ठेवून विचारले, "बारस सोडल्याशिवाय चहा न घेणारे?" त्यानेच आम्हाला मुकादमाकडे नेले.

मुकादमांनी कपाटातून जुने हजेरीबुक काढले. काकांचे पूर्ण नाव आम्ही प्रथम तेथे वाचले. पाच वर्षे ज्यांच्या आवाजात आवाज मिसळला, त्यांचे नाव आम्हाला एका हजेरीबुकातून कळत होते. २० मार्च २०२० पर्यंत हजेरी, त्यापुढे रकाने कोरे. मुकादम म्हणाले, "टाळेबंदीत गावी गेले. आषाढ सरता सरता ताप आला, श्रावण लागायच्या आत गेले." म्हणजे त्यांना जाऊन वर्ष उलटले होते, आणि आम्ही तीन आठवडे त्यांची जागा राखत होतो.

मुकादमांनी गावचा नंबर लावून दिला. पलीकडे काकू होत्या. मी कोण, कुठला, हे सांगायला लागलो, तर त्यांनी मध्येच विचारले, "सात वीसची मानसं का तुम्ही?" मी हो म्हणालो. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लई नाव काढायचे तुमचं. शेवटाला मला म्हनले, गाडीत कळव. पर बाबा, गाडीत कुनाला कळवायचं? माझ्याकडं कुनाचाच लंबर नव्हता."

काकूंचे ते वाक्य मी दहा वर्षांतल्या सगळ्या बऱ्यावाईटाच्या वर ठेवतो. त्यांच्याकडे निरोप होता. आमच्याकडे वाट पाहणे होते. दोन्ही बाजूंनी माया होती. मध्ये फक्त एक नंबर नव्हता.

त्या सोमवारी मी दुकानातून दोनशे पानी वही आणली. आमची वही त्या दिवशी सुरू झाली आणि अजून चालू आहे. तिचे रकाने सांगतो, कारण ते अनुभवातून ठरले आहेत. पूर्ण नाव. राहण्याची जागा, मालकाच्या किंवा शेजाऱ्याच्या नंबरासह. स्वतःचा नंबर. गावाकडच्या एका माणसाचा नंबर, आणि तो नंबर लिहिण्याआधी डब्यातूनच लावून पाहायचा, कारण गावाकडचे नंबर बदलतात. कामाच्या ठिकाणी कोणाला विचारायचे, त्याचे नाव. रक्तगट. रोजचे औषध असेल तर ते. आणि शेवटचा रकाना उलट दिशेचा: याच्या घरी आपल्यापैकी कोणाचा नंबर दिला आहे. काकूंमुळे हा रकाना सुरू झाला. आपण त्यांना शोधू शकणे पुरेसे नाही, त्यांनाही आपल्याला शोधता आले पाहिजे.

नियम एवढाच, की तीन दिवस न सांगता खाडा पडला तर चौथ्या दिवशी फोन, फोन लागला नाही तर त्याच संध्याकाळी दोघांनी घरी जायचे. दर आषाढी आणि कार्तिकीला प्रत्येकाने आपली ओळ वाचून सही करायची, म्हणजे बदललेले पत्ते दुरुस्त होतात. सुरुवातीला दोघांनी माहिती द्यायला नकार दिला. एकाला वाटले, ही कशाला हवी. दुसऱ्याच्या घरी काही अडचण होती, ती त्याला कोणाला कळू द्यायची नव्हती. आम्ही आग्रह केला नाही. त्यांच्या नावापुढे एकच नंबर आहे आणि बाकी रकाने कोरे आहेत. वही डब्यात उघडी फिरत नाही. ती माझ्या पिशवीत असते आणि तिची एक प्रत बँकवाल्या अण्णांच्या घरी. माणसाची काळजी घेणे आणि त्याच्यावर पाळत ठेवणे यांत फरक आहे. गावात तो फरक कधी कधी पुसला जातो, म्हणून तरुण पोरे गावाला कंटाळतात. येथे आम्ही तो जपतो.

वहीचा उपयोग झाला का, असे कोणी विचारेल. २०२३ च्या पावसाळ्यात घाटकोपर सोडल्यावर मुलुंडकरांच्या छातीत कळ आली, घाम फुटला, डावा हात जड झाला. एकाने त्यांना बाकावर आडवे केले, दोघांनी वारा यायला दरवाजाजवळची माणसे बाजूला केली. दादरला गाडी थांबताच एक जण स्टेशन मास्तरांच्या कार्यालयाकडे धावला, कारण स्ट्रेचर तेथे मिळते. तोवर मी वही उघडून त्यांच्या घरी फोन लावला आणि औषधांचा रकाना वाचला. त्यात रक्त पातळ करणारी गोळी लिहिलेली होती. केईएमच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, रोज कोणती गोळी घेतात? मुलुंडकर स्वतः सांगण्याच्या स्थितीत नव्हते. सांगितले वहीने. त्यांच्या मिसेस पोहोचल्या तेव्हा आमच्यातले चौघे बाहेर बसलेले होते आणि त्या चौघांचेही त्या दिवशीचे खाडे आपापल्या ऑफिसांत पडले होते. मुलुंडकर आज पुन्हा गाडीत आहेत. पेढा अजून अर्धाच घेतात.

चिपळ्या काकूंनी पुढच्या वर्षी गावच्या एका मुलाबरोबर पाठवल्या. त्या कोणी एकाने घ्यायच्या नाहीत असे ठरले. डोंबिवलीला जो चढेल त्याच्या हातात त्या दिवशी चिपळ्या.

मी दहा वर्षांत काय झालो, या प्रश्नाचे माझ्यापाशी असलेले उत्तर हे. पगार वाढला, कॉटची खोली झाली, खोलीत आता बायको-मुलगी आहेत, हे खरे. पण ते होणे बहुतेकांच्या वाट्याला येते. गावात मी अमक्याचा धाकटा होतो. आल्यावर काही वर्षे कोणीच नव्हतो. आता डब्यात मला "वहीवाले" म्हणतात. नावाने कमी जण ओळखतात, आणि मला त्याचे काही वाटत नाही. ज्याचा खाडा कोणी मोजत नव्हते, तो आता इतरांचे खाडे मोजतो. वहीत आज एकतीस नावे आहेत. त्यांतली नऊ नावे गेल्या दोन वर्षांत एकट्याने मुंबईला आलेल्या पोरांची आहेत. एक वाशिमकडचा आहे, तो भजन म्हणत नाही, कानात काही घालून उभा असतो. त्यालाही विचारले, "दोन दिवस दिसला नाहीस?" त्याने कानातले काढले. दुसऱ्या दिवशी स्वतःहून गावाकडचा नंबर लिहून दिला.

माउली, तुमच्या घरातले कोणी शहरात एकटे असेल तर त्याला पगार किती, खोली केवढी, हे विचाराच. पण आणखी एक विचारा. तू दोन दिवस दिसला नाहीस तर तिथे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात येईल? खाणावळीच्या मावशी असतील, कोपऱ्यावरचा चहावाला असेल, गाडीतला शेजारी असेल, मेसमधली मैत्रीण असेल. त्या माणसाचे नाव विचारून घ्या. त्याचा नंबर घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तुमचा नंबर त्याच्याकडे पोहोचवा. आणि उत्तर "कोणीच नाही" असे आले, तर काळजीचे लांबलचक बोलणे करू नका. त्याला सांगा, रोज एकाच वेळी एकाच ठिकाणी जा. तीन-चार महिने लागतील. कोणी तरी मोजू लागेल.

रामकृष्ण हरी.